ओव्हरलोड रिले शाबूत, करंट मर्यादेत, तरीही मोटार पुन्हा पुन्हा जळते: थर्मिस्टर, पीटी-१०० आणि थर्मल ओव्हरलोड रिले यांपैकी कोणाला काय दिसते

कोल्हापूर भागातील एका साखर कारखान्याच्या विद्युत विभागात काम करताना एका मोटारीने आम्हाला दोन गाळप हंगाम त्रास दिला. ऊस मिलकडे नेणाऱ्या ऑक्झिलरी केन कॅरिअरवरची ही मोटार २२ किलोवॉटची, चार पोलची, ४१५ व्होल्टची होती. नेमप्लेटवर पूर्ण भाराचा करंट ४० अँपिअर आणि इन्सुलेशनचा वर्ग एफ असे नोंदलेले होते. ती तीन वेळा जळाली, आणि तिन्ही वेळा पॅनेलमधला थर्मल ओव्हरलोड रिले ४० अँपिअरवर सेट केलेला असूनही ट्रिप झाला नाही. पहिल्या वेळी दोष वाइंडरच्या तांब्याला आणि वॉर्निशला दिला गेला, तर दुसऱ्या वेळी रिलेच खराब आहे असे ठरवून तो बदलण्यात आला. तिसऱ्यांदा मोटार उघडल्यावर मात्र नुसत्या रिवाइंडिंगवर न थांबता कारण शोधायचेच असे आम्ही ठरवले. असाच प्रश्न अनेक ठिकाणी येतो आणि त्याचे उत्तर बहुधा एकाच गैरसमजापाशी सापडते, म्हणून तो शोध येथे क्रमाने मांडत आहे.

जळालेले वाइंडिंग काय सांगते

मोटार उघडल्यावर वाइंडिंग फेकून देण्याआधी ते नीट पाहावे, कारण अर्धे निदान तेथेच होते. डेल्टा जोडणीच्या मोटारीत पुरवठ्याचा एक फेज गेला, तर तीनपैकी एका फेजमधून बाकी दोघांच्या दुप्पट करंट वाहतो. त्यामुळे वाइंडिंगचे ठरावीक अंतरावरचे एक तृतीयांश गट काळे पडतात आणि उरलेले जवळजवळ मूळ रंगाचे राहतात. वेढ्यांमधला शॉर्ट असेल तर एकाच जागी तांबे वितळलेले दिसते आणि आजूबाजूचा भाग चांगला असतो. आमच्या मोटारीत यांपैकी काहीच नव्हते. तिन्ही फेजची टोके सारखीच तपकिरी-काळी झाली होती, वॉर्निश ठिसूळ होऊन बोटाने सुटत होते, आणि शाफ्टच्या बाजूची टोके पंख्याच्या बाजूच्या टोकांपेक्षा अधिक करपली होती. याचा अर्थ वाइंडिंग अचानक जळालेले नव्हते. ते कित्येक आठवडे सर्व बाजूंनी सारखे भाजत राहिले आणि शेवटी इन्सुलेशनने हार मानली.

अशा हळूहळू भाजण्याला केवळ दोन कारणे असू शकतात. एक म्हणजे मोटारीत नेहमीपेक्षा जास्त उष्णता तयार होत आहे, आणि दुसरे म्हणजे तयार झालेली उष्णता बाहेर जात नाही. ओव्हरलोड रिलेला यांपैकी पहिलेच कारण दिसू शकते, आणि तेही योग्य करंट त्याच्यातून जात असेल तरच. आमची चूक या दोन्ही जागी होती.

रिलेतून कोणता करंट जात होता

थर्मल ओव्हरलोड रिले तापमान मोजत नाही. मोटारीकडे जाणारा करंट त्याच्या तापकातून जातो, त्याने बायमेटल पट्टी तापून वाकते, आणि ती ठरावीक मर्यादेपलीकडे वाकली की ९५-९६ हा संपर्क उघडून कॉन्टॅक्टर सोडतो. ही पट्टी म्हणजे मोटारीच्या वाइंडिंगची पॅनेलमध्ये ठेवलेली एक प्रतिकृती आहे. सेट केलेल्या करंटच्या १.०५ पट करंटवर तिने दोन तास ट्रिप होऊ नये आणि १.२ पट करंटवर दोन तासांच्या आत व्हावे, अशी तिची व्याख्या आहे. नवा रिले आम्ही टेस्टिंग किटवर ४८ अँपिअर सोडून तपासला, तेव्हा तो व्यवस्थित ट्रिप झाला. म्हणजे रिले निर्दोष होता.

मग तिसऱ्यांदा रिवाइंड होऊन आलेली मोटार पुन्हा त्याच जागी बसवून चालवली, आणि क्लॅम्प मीटर घेऊन आम्ही करंट दोन ठिकाणी मोजला. मोटारीच्या केबलवर ३४ अँपिअर मिळाले, आणि रिलेच्या तारेवर फक्त १५ अँपिअर.

हा फरक पाहून सुरुवातीला मीटरवरच शंका आली, परंतु त्याचे कारण साधे होते. आदल्या वर्षी या कॅरिअरला वेग कमी-जास्त करण्यासाठी व्हीएफडी बसवण्यात आला होता, आणि जुना स्टार्टर त्याच्या रिलेसह व्हीएफडीच्या पुरवठ्याच्या बाजूला तसाच ठेवला गेला होता. मिलपुढे ऊस साचला की कॅरिअर २२ हर्ट्झच्या आसपास चालत असे. त्या वेगाला मोटारीची शक्ती जेमतेम ८ किलोवॉट होते, म्हणून व्हीएफडी पुरवठ्याकडून तेवढ्यापुरताच करंट घेतो. मोटारीला मात्र साखळी ओढण्यासाठी तोच टॉर्क द्यावा लागतो, आणि टॉर्कसाठी लागणारा करंट वेगाबरोबर कमी होत नाही. वाइंडिंगमधून ३४ अँपिअर वाहत असताना रिलेला १५ दिसत होते. तो ४० वर सेट केलेला असताना ट्रिप होण्याचा प्रश्नच नव्हता. ज्यांच्या पॅनेलमध्ये नंतर व्हीएफडी बसवला गेला आहे, त्यांनी रिले कोणत्या बाजूला राहिला आहे हे सर्वांत आधी पाहावे.

तेथे असलेल्या सर्वांना वाटले की कारण सापडले, आता रिले व्हीएफडीच्या पुढे मोटारीच्या बाजूला नेला की झाले. मला हा उपाय अपुरा वाटला. रिले तेथे नेला असता तरी त्याला ३४ अँपिअर दिसले असते, आणि ३४ हे ४० पेक्षा कमीच आहेत. शिवाय व्हीएफडीच्या आउटपुटमधील उच्च वारंवारतेच्या करंटमुळे, विशेषतः केबल लांब असेल तर, बायमेटल रिले तेथे विनाकारण ट्रिप होऊ शकतो. करंट नेमप्लेटच्या मर्यादेत असताना वाइंडिंग का भाजत होते, हा खरा प्रश्न तसाच उरला होता.

वाइंडिंगचे खरे तापमान कसे काढले

कोणताही नवा सेन्सर नसताना आम्ही याच मोटारीच्या वाइंडिंगचे तापमान रोधावरून काढले. तांब्याचा रोध तापमानाबरोबर ठरावीक प्रमाणात वाढतो, त्यामुळे वाइंडिंग स्वतःच स्वतःचा थर्मामीटर असते. सूत्र असे आहे:

θ₂ = (R₂ ÷ R₁) × (235 + θ₁) − 235

यात R₁ हा थंड मोटारीचा रोध, θ₁ हे त्या वेळचे वाइंडिंगचे तापमान, R₂ हा गरम रोध आणि θ₂ हे शोधायचे तापमान आहे. रोध ओहमच्या अंशांत असल्यामुळे साधा मल्टिमीटर चालत नाही, चार तारांचा मिलीओहम मीटर लागतो. मोटार रात्रभर बंद असताना दोन टर्मिनलांमध्ये ०.२४० ओहम मिळाले, आणि तेव्हा वाइंडिंगचे तापमान ३० अंश सेल्सिअस होते. मग चार तास नेहमीच्या कामावर मोटार चालवली, व्हीएफडी थांबवला, मोटारीजवळचा आयसोलेटर उघडून कुलूप लावले, व्होल्टेज नाही याची खात्री केली आणि आधीच तयार ठेवलेल्या तारांवर रोध मोजला. थांबल्यापासून जितका उशीर तितके वाइंडिंग निवते, आणि ५० किलोवॉटपर्यंतच्या मोटारीसाठी मानकात पहिले वाचन ३० सेकंदांत अपेक्षित असते. सुरक्षितपणे तेवढ्यात ते जमत नसेल, तर दर अर्ध्या मिनिटाला वाचने घेऊन आलेखावर मागे शून्य सेकंदापर्यंत रेषा वाढवावी. आम्ही तसेच केले, आणि शून्याला ०.३६२ ओहम मिळाले.

०.३६२ भागिले ०.२४० म्हणजे १.५०८. त्याला २६५ ने गुणले की सुमारे ४००, आणि त्यातून २३५ वजा केले की १६५ अंश उरतात. ही संपूर्ण वाइंडिंगची सरासरी आहे. सर्वांत उष्ण जागा याहून सहज दहा अंशांनी जास्त असते, आणि वर्ग एफ इन्सुलेशनची मर्यादा १५५ अंश आहे. मर्यादेपलीकडच्या प्रत्येक दहा अंशांना इन्सुलेशनचे आयुष्य अंदाजे निम्मे होते, असा जो ढोबळ नियम मोटारींच्या कामात वापरला जातो, तो लावला तर दर हंगामात मोटार का जळत होती हे वेगळे सांगावे लागत नाही. त्याच वेळी मोटारीच्या बॉडीवर इन्फ्रारेड थर्मामीटरने ११८ अंश दिसत होते. बॉडीला हात लावून किंवा बाहेरून तापमान मोजून वाइंडिंगविषयी निश्चिंत राहणे किती चुकीचे आहे, हे या दोन आकड्यांमधील अंतरावरून ध्यानात यावे.

उष्णता बाहेर न जाण्याची कारणे मग डोळ्यांसमोरच होती. मोटारीचा पंखा तिच्याच शाफ्टवर आहे, म्हणून २२ हर्ट्झवर तो नेहमीच्या ४४ टक्के वेगाने फिरतो आणि हवाही त्याच प्रमाणात कमी ढकलतो. पंख्याच्या जाळीवर आणि फिन्सच्या मधल्या खाचांत उसाच्या भुश्याचा थर बसला होता. जागा बॉयलरच्या बाजूची असल्यामुळे भोवतालची हवा ४५ अंशांच्या आसपास होती, तर नेमप्लेटवरचे ४० अँपिअर हे ४० अंशांच्या हवेत, पूर्ण वेगाने फिरणारा पंखा आणि स्वच्छ फिन्स गृहीत धरून दिलेले असतात. करंट मोजणाऱ्या कोणत्याही उपकरणाला, ते बायमेटलचे असो वा इलेक्ट्रॉनिक, या तीन गोष्टी दिसत नाहीत. व्हीएफडीच्या आतही मोटारीसाठी इलेक्ट्रॉनिक ओव्हरलोड असतो, आणि मोटारीला शाफ्टवरचा पंखा आहे की स्वतंत्र पंखा आहे हे बऱ्याच व्हीएफडींना सेटिंगमधून सांगता येते. शाफ्टवरचा पंखा सांगितला तर तो कमी वेगाला करंटची मर्यादा आपोआप खाली आणतो. आमच्या व्हीएफडीत ही सेटिंग स्वतंत्र पंख्याची होती. ती दुरुस्त केल्यावर कमी वेगाचा दोष त्याला कळू लागला, तरी भुसा आणि बॉयलरची उष्णता त्यालाही कळणार नव्हती.

वाइंडिंगमध्ये बसवलेला थर्मिस्टर

मोटार जळण्याचे कारण शेवटी तापमान हेच असल्यामुळे तापमानच मोजावे, हा सरळ मार्ग आहे. २२ किलोवॉटसारख्या मोटारीसाठी मी पीटीसी थर्मिस्टर निवडतो. हा डाळीच्या दाण्याएवढा सेन्सर वाइंडिंगच्या टोकांमध्ये, तारांना चिकटून, प्रत्येक फेजला एक असा बांधला जातो, आणि तिघे एकापाठोपाठ सिरीजमध्ये जोडून दोनच तारा टर्मिनल बॉक्समध्ये आणल्या जातात. थंड असताना प्रत्येकाचा रोध २५० ओहमपेक्षा कमी असतो. त्याच्या ठरलेल्या तापमानाच्या पाच अंश खाली तो ५५० ओहमपर्यंत असतो, पाच अंश वर गेला की किमान १३३० ओहम होतो, आणि पंधरा अंश वर किमान ४००० ओहम. थर्मिस्टर रिले साधारणपणे साडेतीन हजार ओहमच्या आसपास ट्रिप होतो आणि रोध साधारण दीड-पावणेदोन हजारांच्या खाली आला की रिसेट होऊ देतो.

या उभ्या चढणीचा एक मोठा फायदा आहे. तिघांपैकी कोणताही एक फेज जास्त तापला तरी त्या एकट्या थर्मिस्टरचा रोध संपूर्ण साखळीला मर्यादेपलीकडे नेतो, मग बाकीचे दोन थंड असले तरी चालते. म्हणून तीन सेन्सरसाठी एकच रिले आणि दोनच तारा पुरतात. पीटी-१०० या प्लॅटिनमच्या सेन्सरमध्ये असे जमत नाही. त्याचा रोध शून्य अंशाला १०० ओहम असतो आणि दर अंशाला अवघा ०.३८५ ओहमने सरळ रेषेत वाढतो, त्यामुळे तीन पीटी-१०० सिरीजमध्ये जोडले तर त्यांची फक्त सरासरी मिळेल आणि एका फेजचे भाजणे त्यात दडून जाईल. प्रत्येक पीटी-१०० ला स्वतंत्र चॅनेल द्यावेच लागते.

म्हणून मोटार चौथ्यांदा रिवाइंडिंगला देताना वाइंडरला लेखी सूचना देऊन १५५ अंशांचे तीन थर्मिस्टर बसवून घेतले. ही पायरी वाइंडिंगच्या वेळीच, वॉर्निश देण्याआधी करावी लागते. वाइंडिंग तयार झाल्यावर टोकांवर सेन्सर चिकटवला तर तो तांब्याचे नव्हे, हवेचे तापमान सांगतो. वाइंडरकडे तीन गोष्टी मी स्वतः उभा राहून पाहिल्या. थर्मिस्टर शाफ्टच्या बाजूच्या टोकांत, म्हणजे जेथे जुने वाइंडिंग जास्त करपले होते तेथे, बसवले आहेत. तिघे तीन वेगवेगळ्या फेजमध्ये आहेत. त्यांच्यावर जाड स्लीव्हचे दुहेरी वेष्टन नाही. तिघेही एकाच फेजच्या कॉइलमध्ये खोचलेले मी दुसऱ्या एका मोटारीत पाहिलेले आहेत, आणि तशी मोटार बाहेरून तपासून ते कळत नाही, म्हणून हा आग्रह आवश्यक आहे. तारांच्या रंगांवरूनही पडताळा घेता येतो, कारण १५५ अंशांच्या थर्मिस्टरच्या तारा निळी आणि काळी अशा असतात, तर १३० अंशांच्या दोन्ही निळ्या असतात. चुकून १३० चे बसवले गेले तर मोटार निरोगी असूनही रोज ट्रिप होईल आणि शेवटी कोणीतरी वैतागून रिलेच बायपास करील.

मोटार परत आल्यावर दोन तारांमध्ये मल्टिमीटरने २४० ओहम मिळाले, जे तिघांसाठी योग्य आहे. येथे एक इशारा द्यायलाच हवा. थर्मिस्टरच्या दोन तारांमध्ये मेगर कधीही लावू नये आणि टेस्ट लॅम्पने सातत्य पाहू नये. एका थर्मिस्टरवर अडीच व्होल्टपेक्षा जास्त व्होल्टेज तपासणीत येऊ नये, अशी मर्यादा आहे. त्याचे इन्सुलेशन तपासायचे असेल तर दोन्ही तारा एकमेकींना जोडून घ्याव्यात, आणि मग ती जोडी एका बाजूला व वाइंडिंग किंवा बॉडी दुसऱ्या बाजूला धरून ५०० व्होल्टचा मेगर लावावा. मोटारीचा मेगर घेताना तारा सुट्या राहिल्यामुळे थर्मिस्टर कामातून गेल्याचे प्रकार घडतात, आणि वाइंडिंगमधला सेन्सर बदलायचा म्हणजे पुन्हा रिवाइंडिंग आले.

याबरोबर मोटारीच्या मागे स्वतंत्र मोटारीवर चालणारा पंखा बसवला. थर्मिस्टर मोटारीला थंड करत नाही, तो केवळ वेळीच थांबवतो. पंख्याशिवाय तो बसवला असता तर जळणारी मोटार ट्रिप होणारी झाली असती आणि ऊस तेवढाच अडला असता.

ट्रिप खरी की खोटी

पहिल्या आठवड्यात थर्मिस्टर रिले दोन वेळा ट्रिप झाला, आणि अपेक्षेप्रमाणे रिले काढून टाकावा अशी मागणी शिफ्टकडून झाली. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा ट्रिप झाल्याबरोबर पुरवठा बंद करून, मोटारीच्या टर्मिनल बॉक्समध्ये रिलेच्या तारा सोडवून, थर्मिस्टरचा रोध मोजावा. निकाल तीनपैकी एक येतो. रोध काही हजार ओहम असेल आणि पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत घटत जाऊन काही शेवर आला, तर वाइंडिंग खरोखर तापले होते आणि रिलेने योग्य काम केले. रोध सुरुवातीपासूनच अडीचशेच्या आसपास असेल, तर मोटार थंड आहे आणि दोष बाहेरच्या केबलमध्ये किंवा रिलेत आहे. रोध अनंत दिसला आणि मोटार निवल्यावरही तसाच राहिला, तर आतली तार तुटली आहे.

पहिल्या ट्रिपला आम्हाला ३८०० ओहम मिळाले, आणि २५ मिनिटांनी ते १५०० च्या खाली आले. पाहिले तर स्वतंत्र पंख्याच्या जाळीवर भुश्याचा जाड थर होता. त्या दिवसापासून प्रत्येक शिफ्टला जाळी झाडण्याचे काम ठरवले गेले. दुसरी ट्रिप पहाटे, कॅरिअर सुरू करताच झाली. मोटारीपाशी २४० ओहम मिळाले, परंतु पॅनेलमध्ये रिलेच्या टी-१ व टी-२ टर्मिनलांवर वाचन कधी २५०, कधी अनंत असे उडत होते. मधल्या जंक्शन बॉक्समधला एक स्क्रू कंपनाने ढिला झाला होता. त्याच वेळी असेही दिसले की थर्मिस्टरची केबल व्हीएफडीच्या मोटार केबलला लागून एकाच ट्रेमधून आणली गेली होती. ती पिळलेल्या जोडीची, शील्ड असलेली घेऊन वेगळ्या मार्गाने नेली आणि शील्ड फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थ केली. व्हीएफडीच्या केबलजवळून जाणाऱ्या साध्या तारेत व्होल्टेज शिरून विनाकारण ट्रिप येणे हा या जोडणीतील नेहमीचा दोष आहे.

तुटलेली तार रिलेला गरम मोटारीसारखीच दिसते आणि तो ट्रिप होतो, ही सुरक्षित बाजू आहे. धोका शॉर्टचा आहे. दोन तारा कोठेतरी चिकटल्या तर रोध जवळजवळ शून्य होतो आणि साधा रिले मोटार थंडगार आहे असे समजतो. म्हणून सुमारे २० ओहमच्या खाली रोध गेल्यास शॉर्ट ओळखून ट्रिप होणारा रिलेच घ्यावा. रिसेट हाताने करण्याचा ठेवावा, कारण निवल्यावर कॅरिअर आपोआप सुरू झाला आणि त्या वेळी साखळीजवळ कोणी माणूस असला तर त्याचा जीव जाईल.

पीटी-१०० कोठे घ्यावा

थर्मिस्टर फक्त ठरलेले तापमान गाठले की नाही एवढेच सांगतो, किती आहे ते सांगत नाही. ऊस बारीक करणाऱ्या फायब्रायझरसारख्या यंत्राच्या मोठ्या उच्चदाब मोटारीवर एवढे पुरत नाही. तेथे स्टेटरच्या खाचांत, दोन कॉइल बाजूंच्या मध्ये, पीटी-१०० बसवलेले येतात, साधारणपणे प्रत्येक फेजला दोन असे सहा. त्यांची वाचने स्कॅनरवर दिसतात, त्यामुळे १४० अंशांना सूचना आणि १५५ ला ट्रिप अशा दोन पायऱ्या ठेवता येतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच भारावर मागच्या महिन्यात ११० दिसत होते आणि आज १२२ दिसत आहेत, तर कूलर किंवा हवेचा मार्ग बंद होत आहे हे ट्रिप येण्याच्या कितीतरी आधी कळते. अशा मोटारीची वाचने रोज भारासह वहीत लिहावीत, एवढाच माझा आग्रह असतो.

पीटी-१०० ची जोडणी तीन तारांनीच करावी. १०० अंशांला त्याचा रोध १३८.५ ओहम असतो, आणि दोनच तारा वापरल्या तर केबलचा रोधही त्यात मिसळतो. केबलमध्ये २ ओहम असले तरी वाचन सुमारे पाच अंशांनी जास्त येते. सहापैकी एकच वाचन बाकीच्यांपेक्षा स्थिरपणे वेगळे असेल, तर वाइंडिंगवर संशय घेण्याआधी त्या चॅनेलची जोडणी तपासावी. शॉर्ट झालेला पीटी-१०० तापमान खोटे कमी दाखवतो, म्हणून थंड वाटणाऱ्या चॅनेलकडेही लक्ष असावे.

मग ओव्हरलोड रिले काढावा का

हा प्रश्न आमच्या येथे थर्मिस्टर बसल्याबरोबर विचारला गेला. त्याचे उत्तर नाही असे आहे, आणि त्याचे कारण वेळ आहे. सरळ पुरवठ्यावर चालणारी मोटार अडकून थांबली, तर तिच्यातून पूर्ण भाराच्या सहा-सात पट करंट वाहतो. तांब्यात दर चौरस मिलिमीटरला ५ अँपिअर धरले, तर पूर्ण भाराला, उष्णता बाहेर जातच नाही असे मानून, तांबे सेकंदाला सुमारे ०.१६ अंशाने तापते. करंट सहापट झाला की उष्णता छत्तीसपट होते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सहा अंश. १२० अंशांवर चालणारी मोटार अडकली तर सहा सेकंदांत ती १५५ गाठते. थर्मिस्टर तांब्याच्या इन्सुलेशनबाहेर असल्यामुळे त्याच्यापर्यंत ती उष्णता पोहोचायला काही सेकंद जातात, आणि तेवढ्यात तांबे कितीतरी पुढे गेलेले असते. खाचेतला पीटी-१०० याहूनही संथ असतो. मोठ्या मोटारींत तर अशा वेळी आधी रोटरच्या पट्ट्या तापतात, ज्यांच्याजवळ स्टेटरमधला कोणताच सेन्सर नसतो.

वर्ग १० चा ओव्हरलोड रिले सेट करंटच्या ७.२ पटीला थंड अवस्थेतून ४ ते १० सेकंदांत ट्रिप होतो, आणि आधीच तापलेला असेल तर त्याहून लवकर. फेज गेल्याचेही, त्यात फेज-लॉसची रचना असेल तर, त्याला लवकर कळते. अडकलेली मोटार आणि गेलेला फेज ही कामे त्याची आहेत. हळूहळू वाढणारी उष्णता, मंद पंखा, भुसा आणि बॉयलरशेजारची हवा ही कामे थर्मिस्टरची आहेत. पुन्हा पुन्हा सुरू-बंद होणाऱ्या मोटारीतही थर्मिस्टरच विश्वासाचा असतो, कारण बायमेटल पट्टी काही मिनिटांत निवते, तर मोटारीच्या लोखंडाला निवायला बराच जास्त वेळ लागतो. रिले ताजा होऊन पुन्हा परवानगी देत राहतो, आणि वाइंडिंग प्रत्येक स्टार्टला आधीपेक्षा वरच्या तापमानावरून सुरुवात करते.

आमच्या कॅरिअरवर शेवटी असे ठेवले आहे. थर्मिस्टर रिलेचा संपर्क व्हीएफडीच्या चालू ठेवण्याच्या सिग्नलमध्ये आहे. व्हीएफडीमधला इलेक्ट्रॉनिक ओव्हरलोड ४० अँपिअरवर सेट आहे, आणि आता खरोखर स्वतंत्र पंखा बसलेला असल्यामुळे कूलिंगची सेटिंगही स्वतंत्र पंख्याचीच आहे. पंख्याच्या मोटारीला तिचा वेगळा छोटा ओव्हरलोड रिले आहे, आणि तो ट्रिप झाला तर कॅरिअरही थांबतो. जुना बायमेटल रिले व्हीएफडी बिघडल्यास वापरायच्या बायपास मार्गात हलवला आहे, जेथे मोटारीचा खरा करंट त्याच्यातून जातो. बायपासवर चालतानाही थर्मिस्टरचा संपर्क कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या मार्गात येतो. हे सर्व बसवल्यावर पूर्वीसारखीच चार तासांची चाचणी २२ हर्ट्झवर घेतली, तेव्हा गरम रोध ०.३१६ ओहम मिळाला. ०.३१६ भागिले ०.२४०, गुणिले २६५, वजा २३५: म्हणजे ११४ अंश. मोटारीचा करंट त्या दिवशीही ३४ अँपिअरच होता.